सहाही निबंधांत नसलेलं मत

रविवारी दुपारी चारला मारीविकने कॅनडात, सास्काटूनमधल्या आपल्या तळघरातल्या खोलीत सहा सराव-निबंध जमिनीवर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिनेच दिलेले गुण होते, सात. परिचारिका म्हणून नोंदणी व्हायला इंग्रजी लेखनात नऊपैकी किमान सात लागत. परीक्षा दहा दिवसांवर होती आणि तारीख बदलायची मुदत आज पाचला संपत होती. नोंदणी झाली की उन्हाळ्यात इकडे आणते, असं तिने फिलिपिन्समध्ये, इलोइलोला आजीकडे राहणाऱ्या लेकीला, यानाला सांगून ठेवलं होतं.

फोनवर टेस होती. दोघी एकाच वृद्धाश्रमात मदतनीस. टेस गेल्या वर्षी पास झालेली.

"परत सात? ताई, तुझा परीक्षक फारच प्रेमळ आहे गं!"

"मीच तर आहे."

"तेच म्हणतेय. गुण देण्याआधी वाक्यावर बोट ठेव. वाक्य सापडलं नाही, तर गुण नाही."

मारीविकने निकषांचा तक्ता उघडला आणि पहिला निबंध परक्याचा असल्यासारखा वाचला. शब्दसंपत्ती सात. मांडणी सहा. व्याकरण सहा. उरला प्रश्नाच्या उत्तराचा रकाना. प्रश्न होता, 'दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या.' सातसाठी मत सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट हवं. तिचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि कागदाबाहेर आलं. मत नव्हतंच. तिने पाच दिले. सरासरी सहा.

दुसरा निबंध, तिसरा. बाकीच्या चुका इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या, ही मात्र सहाही कागदांवर. काही जण म्हणतात, इतर म्हणतात, आणि मग गोळाबेरीज. मायदेशी परिचारिका असताना अकरा वर्षं तिने रुग्णांच्या नोंदी अशाच लिहिल्या होत्या. दिसलं ते, मोजलं ते, रुग्ण म्हणाला ते. 'मला वाटतं' लिहिलं की मोठ्या सिस्टर लाल रेघ मारत.

पाचला वीस मिनिटं कमी असताना तिने तारीख सहा आठवडे पुढे नेली. म्हणजे नोंदणीही पुढे, आणि उन्हाळा हुकला.

तिकडे सोमवारची सकाळ उजाडली होती. यानाने केस विंचरून घेता घेता फोन धरला.

"आई, नापास झालीस?"

"अजून दिलीच नाही गं."

"मग कोण म्हणालं येत नाही तुला?"

"मीच तपासलं."

"तूच? मग द्यायचे ना थोडे जास्त!"

मागून आजी ओरडली, शाळेची गाडी आली म्हणून. फोन बंद झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

मारीविकने पुस्तकातला पुढचा प्रश्न काढला. 'कामासाठी आईवडिलांनी मुलांपासून दूर जावं का? दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या.' पहिलं वाक्य तिने तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा लिहिलं, 'माझ्या मते, जाऊ नये.'

मग चाळीस मिनिटांचा गजर लावून ती त्या वाक्यासाठी कारणं शोधू लागली.