शेवटच्या दिवशीचे पाहुणे

सुचित्राच्या पाटीवर मागच्या वर्षी जे चुकीचं उत्तर गेलं, ते तिच्या एकटीचं होतं. बरोबर उत्तर शेजारी बसलेल्या बाईनं तिच्या कानात सांगितलं होतं, तेही दोनदा.

ती बाई म्हणजे सत्यभामा. तुर्भ्याला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. दुकान कसलं, घराची पुढची खोली. नवरा बाजार समितीत माथाडी. मूळचं गाव साताऱ्याकडचं, शिक्षण नववी. सुचित्रा बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्तीला आलेली, प्रश्नमंजूषांचं वेड असलेली. एकदा माप द्यायला गेली, तर मशीनला टेकवलेल्या मोबाइलवर अमेरिकेतला जुना गप्पांचा कार्यक्रम चालू होता.

"हे तुम्हाला समजतं?" सुचित्रानं विचारलं होतं. तेव्हाच तिनं स्वतःची जीभ चावायला हवी होती.

"खाली अक्षरं येत्यात की," सत्यभामा म्हणाली. "आधी नुसते कोट बघायची. मग हळूहळू बोलणं कळाय लागलं. हात चालू ऱ्हातो, डोकं रिकामं ऱ्हात न्हाई."

आणि काय काय बघून ठेवलं होतं तिनं. रात्रीच्या कार्यक्रमात यजमान टेबलामागे बसतो, पाहुणा बहुतेक त्याच्या उजव्या हाताला. जुन्या कार्यक्रमांत दुसरा पाहुणा आला, की पहिला उठून जायचा नाही, सोफ्यावर एक जागा सरकायचा. दिवसाच्या कार्यक्रमात टेबलच नसतं, समोरासमोर दोन खुर्च्या. फिल डोनाह्यू तर माइक घेऊन थेट प्रेक्षकांत शिरायचा. "टेबल असलं की बरं असतंय बघा ताई," ती म्हणायची, "शर्ट नीट खोचला नसला तरी खपून जातंय."

सुचित्राकडे वह्या होत्या. कोण कधीपासून कधीपर्यंत, कुणाकडे कोण किती वेळा आलं, पहिला पाहुणा, शेवटचा पाहुणा. एकीकडे वह्या, दुसरीकडे डोळे. महिला मंडळाच्या प्रश्नमंजूषेत दोघींची जोडी अंतिम फेरीपर्यंत गेली आणि बरोबरीत अडकली. निकाल एका प्रश्नावर आला: जॉनी कार्सननं 'द टुनाइट शो'चा निरोप घेतला, त्या अखेरच्या भागात पाहुणे कोण होते?

"कुणीच न्हाई," सत्यभामा कुजबुजली. "एकटाच स्टुलावर बसलेला. टेबलबी नव्हतं. पाहुणे आदल्या दिवशी झालेले."

सुचित्राच्या वहीत 'शेवटचे पाहुणे' या मथळ्याखाली दोन नावं होती, रॉबिन विल्यम्स आणि बेट मिडलर. छापील पुस्तकातून उतरवलेली. खडू तिच्या हातात होता, कारण कॅप्टन ती होती. सत्यभामानं पुन्हा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "थांबा हो जरा." आणि नावं लिहिली.

ती नावं एकवीस मे एकोणीसशे ब्याण्णवची होती. निरोपाचा भाग बावीसला झाला. वहीत तारीख लिहायची राहिली होती.

हरण्याचं एवढं काही नव्हतं. पण चहाच्या वेळी मंडळाच्या अध्यक्षा उज्वलाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय सुचित्राताई, तुमचा हातखंडा विषय, आणि कुठे घसरलात?" सुचित्रा हसली. हसता हसताच म्हणाली, "सत्यभामाबाईंनी घोळ घातला. मीही बापडी ऐकलं त्यांचं."

सत्यभामा मागेच उभी होती, हातात भरलेला कप. तो तिनं न पिताच टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली. ती काहीच बोलली नाही, याचं सुचित्राला त्या दिवशी बरं वाटलं होतं. पुढचं अख्खं वर्ष तेच आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं होत राहिलं.

यंदा प्रश्न काढायचं काम सुचित्राकडे आलं. ती तुर्भ्याला गेली. सत्यभामानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, मशीन थांबवलं नाही.

"यंदा मी प्रश्न काढतेय. तुम्ही यावं असं वाटतं."

"भाचीला घेऊन येते. उत्कर्षाला." टीप संपली, तिनं दोरा तोडला. "आणखी काय काम होतं?"

होतं. पण सुचित्रा म्हणाली, "नाही, एवढंच."

तिनं मनात वेगळंच योजलं होतं. एक पूर्ण फेरी गप्पांच्या कार्यक्रमांवर काढली, एकेक शब्द तोलून. 'सर्वांत जास्त काळ रात्रीचा यजमान कोण' असं मोघम लिहिलं तर भांडण होतं: एकच कार्यक्रम धरला तर कार्सनची तीस वर्षं मोठी, आणि लेटरमनचे रात्रीचे दोन वेगळे कार्यक्रम मिळून मोजले तर त्याची तेहतीस. म्हणून तिनं 'एकाच कार्यक्रमाचा' हे शब्द अधोरेखित केले. तबस्सुमनं दूरदर्शनवर एकवीस वर्षं गप्पा मारल्या, तो सोपा प्रश्न सुरुवातीला. आणि शेवटी: कार्सनचा रात्रीचा अखेरचा भाग आणि ओप्राचा दिवसाचा अखेरचा भाग, पाहुण्यांच्या बाबतीत दोन्हींत साम्य काय? सत्यभामा उत्तर देईल, आणि त्याच क्षणी आपण माइकवर सांगून टाकू, की हे उत्तर त्यांनी गेल्या वर्षीच दिलं होतं, मी लिहिलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तसंच घडलं, निम्मं. उत्कर्षानं खडू हातात धरून विचारलं, "आत्या, तू सांग." सत्यभामा म्हणाली, "दोघांकडंबी कुणी नव्हतं. एकेकटंच बोलले." पाटी वर आली.

"बरोबर," सुचित्रा माइकवर म्हणाली. "दहा गुण."

समोर दीडशे बायका. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात उज्वलाताई बाजूनं म्हणाल्या, "बघा, यंदा सत्यभामाबाई अभ्यास करून आल्यात." सभागृह हसलं. सुचित्रानं पुढचं कार्ड उचललं.

आत्या-भाची दुसऱ्या आल्या. सुचित्रानं सत्यभामाला पायऱ्यांवर गाठलं.

"सत्यभामाबाई, गेल्या वर्षी मी खोटं बोलले. तुमचं उत्तर बरोबर होतं. तो प्रश्न मी मुद्दाम तुमच्यासाठी काढला होता."

"कळलं मला, प्रश्न आला तवाच." सत्यभामा चपलेचा पट्टा लावत होती. "मी वाट बघितली, ताई. तुमी माइक धरून उभ्या होता तवर बघितली."

"चुकलंच माझं."

"मला म्हाईत हाय की तुमचं चुकलं. ते मला सांगून काय उपयोग?" आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "उत्कर्षा, रिक्षा बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचित्रानं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा सरळ लिहिलं: मागच्या वर्षी सत्यभामाबाईंनी बरोबर उत्तर सांगितलं होतं, कॅप्टन म्हणून मी ऐकलं नाही, आणि नंतर दोष त्यांच्यावर ढकलला. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते.

अंगठे आले, हात जोडलेले आले. कुणी लिहिलं, 'किती मोठं मन.' ते वाचून तिला फोन उलटा ठेवावासा वाटला. सत्यभामाचं काहीच येईना. अर्ध्या तासानं उज्वलाताईंचा वेगळा निरोप आला.

'अहो, त्या ग्रुपमध्ये नाहीत. मागच्या वर्षी स्पर्धेच्या संध्याकाळीच बाहेर पडल्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. परत ॲड करू का?'

सुचित्रानं नावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, मग पुन्हा पाहिली. वर्षभर ती या ग्रुपवर रोज सकाळी एक प्रश्न टाकत आली होती, आणि उत्तरं कुणाची आली नाहीत हे तिनं कधी मोजलं नव्हतं.

'त्यांना विचारून सांगते,' तिनं लिहिलं, आणि सत्यभामाचा नंबर लावला. पूर्ण वाजला. उचलला नाही. साडेतीन वाजले होते, मशीन चालू असणार. तिनं पुन्हा लावला नाही. कपाटातून साडी काढून नेसली आणि तुर्भ्याला जायला निघाली.