अ.ब.क. यांची तक्रार

"माणसाची आजवरची सगळी प्रगती तक्रारीतून झालेली आहे. गुहेत ज्याला थंडी सोसेना त्याने विस्तव शोधला, ज्याचे पाय भरून आले त्याने चाक. जो तक्रार करत नाही तो माणूस नव्हे, ओंडका!"

एवढं बोलून मास्तरीणबाईंनी कपाला तोंड लावलं आणि चहा पांचट झाल्याचं बहिणीला ऐकवलं.

"तुझ्या भाऊजींनी केलाय," बहीण म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता.

समोर वही उघडून बसलेला ओंडका म्हणजे नाना. पालिकेच्या कचेरीत टपालखिडकीवरचा शिपाई. खात्याच्या परीक्षेत पास झाला की लिपिक होणार. म्हणजे स्टुलावरून खुर्चीवर. पण भाषेच्या पेपरात तक्रारपत्राचा प्रश्न येई आणि तिथे नानाची गाडी दरवेळी चिखलात रुते. यंदा वयाची मर्यादा संपत होती. या खेपेला गेलं तर स्टूल निवृत्तीपर्यंत. म्हणून बायकोने आपल्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. तिने शाळेची नोकरी सोडली असली तरी पेपर तपासायची खोड काही सुटली नव्हती. वाण्याच्या यादीवरसुद्धा ती लाल पेनाने गुण द्यायची.

"वाचा, काय लिहिलंय."

नानाने घसा साफ केला. "महोदय, आपल्या दुकानातून घेतलेला मिक्सर बंद पडला आहे. आपल्याला त्रास देतोय याबद्दल क्षमस्व. आपण कामात असाल. सवडीने बघावे. नाही जमले तरी हरकत नाही."

"भाऊजी, ही तक्रार आहे की लग्नाचं आमंत्रण?"

"जरा सभ्यपणे..."

"सभ्यपणा मायन्यात दाखवायचा. आता ऐका. पहिल्याच वाक्यात हेतू: हे पत्र कशासाठी. मग तपशील: काय झालं, कधी, कुठे, त्याने नुकसान काय झालं. शेवटी मागणी: तुम्हाला नेमकं काय हवंय आणि केव्हापर्यंत. आणि मागणी अशी हवी की समोरच्याच्या हातात असली पाहिजे. मिक्सरवाल्याकडे मनःशांती मागितलीत तर गुण कापणार."

"आणि खाली?"

"खाली अ.ब.क. स्वतःचं नाव चुकूनही नाही. तपासणाऱ्याला तुम्ही कोण ते कळता कामा नये, नाहीतर अख्खा पेपर बाद."

नानाने महिनाभर मिक्सर, गिझर, छत्र्या आणि फाटकी पुस्तकं यांच्याविरुद्ध पत्रं लिहिली. अ.ब.क. या गृहस्थाचं नशीब इतकं फुटकं होतं की त्याने घेतलेली एकही वस्तू धड निघेना. नानाला त्याची कीव यायला लागली. पण पत्रं सुधारली.

आता बायकोच्या हाताचं. गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा दिव्याचा खांब होता आणि त्यावरचा दिवा कित्येक महिने गेलेला होता. त्या अंधारात तिला उखडलेली फरशी दिसली नाही.

"दिव्याखाली अंधार असतो म्हणतात," ती म्हणायची. "आमच्याकडे पालिकेचा माणूस आहे, म्हणून दिवाच नाही."

नानाने तक्रार का केली नव्हती? कारण ती त्यालाच घ्यावी लागली असती. मग त्यानेच तिच्यावर शिक्का मारला असता, वर नेऊन दिवाबत्तीच्या टेबलावर ठेवली असती, आणि त्या टेबलावरच्या ढिगाचा तळ आजवर कोणी पाहिलेला नव्हता. खालच्या तक्रारी बहुधा मागच्या पिढीच्या होत्या. स्वतःच्या हाताने स्वतःची तक्रार पुरायची, एवढं त्याचं काळीज दगडाचं नव्हतं.

परीक्षा एका शाळेत होती. बाकं तिसरीतल्या मुलांच्या मापाची, त्यामुळे टक्कल पडलेले उमेदवार गुडघे हनुवटीला लावून बसले होते. पर्यवेक्षिका सूचना वाचत होत्या. नानाने पेपर उलटला आणि तो गारठलाच.

'आपल्या परिसरातील पथदिवा बंद असल्याबद्दल संबंधित अधिकाऱ्यांकडे तक्रारपत्र लिहा.'

मग पेन चाललं. आयुष्यात चाललं नव्हतं असं चाललं. हेतू पहिल्या वाक्यात. मग खांबाचा नंबर, गल्ली, फरशी कुठे उखडलीय ते. बायको कशी पडली, मनगट कसं मोडलं, अजून तिला वेणी घालता येत नाही आणि ती नवऱ्याला घालायला सांगत नाही, कारण तो ओढतो. मागणी: दिवा आठवड्यात लावावा, फरशी बसवावी, आणि केलेली कारवाई लेखी कळवावी. क्षमस्व कुठेही नाही. हरकत आहे, चांगलीच आहे.

शेवटी 'आपला विश्वासू' लिहून पेन थांबलं.

टपालखिडकीच्या वर, नानाच्या डोक्यामागे, एक पाटी होती: 'निनावी तक्रारीची दखल घेतली जाणार नाही.' नाव-पत्ता नसलेली पत्रं तो स्वतः टोपलीत टाकत आला होता. पहिल्या पानाकडे तो बघायचासुद्धा नाही, नजर थेट तळाशी. नाव नाही? टोपली.

हे पत्र टोपलीत जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने ठसठशीत अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली घराचा पत्ता आणि सही.

घंटा झाली. पर्यवेक्षिकाबाई पेपर घेऊन पुढे गेल्या आणि नानाला अ.ब.क. आठवला.

"बाई, एक मिनिट. मला खाली थोडं खोडायचंय."

"आता काही नाही. उठा."

त्याला उठताही येईना. गुडघे बाकात अडकले होते.

घरी त्याने कोणाला काही सांगितलं नाही. निकाल लागला तेव्हा नावापुढे शेरा होता: 'ओळख उघड केल्याने उत्तरपत्रिका रद्द.' मास्तरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"भाऊजी, तुम्ही नाव लिहिलंत?"

"पत्तासुद्धा."

"अहो, पण का?"

"नाव नसलं की आम्ही फेकतो."

मास्तरीणबाईंना पहिल्यांदाच लाल पेन कुठे ठेवावं ते सुचेना. बायको भिंतीकडे बघत होती. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून मिटत नव्हती.

"फेरतपासणी?" तिने विचारलं.

"रद्द पेपराला नसते, ताई. आणि पुढच्या वर्षी वय..." बाई थांबल्या.

बाहेर अंधार पडला होता, म्हणजे त्या गल्लीत नेहमी पडतो तसा, पुरता. नानाच्या डोळ्यांपुढे ते स्टूल आलं. एक पाय आखूड असलेलं. अजून इतकी वर्षं ते डुगडुगणार होतं.

"पत्र कसं झालं होतं?" बायकोने हळूच विचारलं.

"झालं होतं," नाना म्हणाला. "तू असतीस तर रडली असतीस."

"मग अर्ज तरी करा त्यांच्याकडे," मास्तरीणबाई म्हणाल्या, पण आवाजात गुहेतल्या माणसाचा जोर नव्हता. "काहीतरी मागा."

नानाने कागद घेतला. पास करा म्हणावं, तर ते त्यांच्या हातात नाही. वय कमी करा म्हणावं, तर ते कोणाच्याच नाही. त्याने बराच विचार केला आणि परीक्षा विभागाला लिहिलं:

'महोदय, माझी उत्तरपत्रिका रद्द झाल्याबाबत हे पत्र आहे. निकालाबद्दल माझे काही म्हणणे नाही. फक्त तिच्यातले तक्रारपत्र असलेले पान तेवढे दिवाबत्ती विभागाकडे पाठवावे, ही विनंती. नाव-पत्ता खाली लिहिलेला आहेच.'