निळ्या कासवाची मुदत

नोटीस आली तेव्हा जया राठोड पोरांना डबे उघडून देत होती. पोस्टमन दारात उभा, तिच्या बोटांना वरणभात लागलेला. तिने पदराला हात पुसून सही केली आणि पाकीट कपाटावर ठेवलं. पुण्याच्या कंपनीचा शिक्का ओळखीचाच होता. या वर्षात याच शिक्क्याची दोन पाकिटं आधी येऊन गेली होती.

पोरं गेल्यावर तिने ते फोडलं आणि उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून वाचलं. मग उठून वर्गभर फिरत पुन्हा वाचलं.

पुसदला वाशीम रोडवर 'ब्लू टर्टल किड्स'ची शाळा तिने आणि तिच्या नवऱ्याने, बादलने, तीन वर्षांपूर्वी घेतली होती. नाव, अभ्यासक्रम, भिंतीवरचं हसरं निळं कासव, सगळं कंपनीचं. जागा, बाया आणि मेहनत या दोघांची. तांड्यातली पहिली शिकलेली सून म्हणून तिच्याकडे पोरं भराभर आली. आता कंपनी म्हणत होती की ब्रँडच्या नियमांचा वारंवार भंग झाल्यामुळे करार रद्द करत आहोत. चालू मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून एप्रिलअखेरपर्यंत आवरण्याची मुदत. त्या मुदतीत नवा प्रवेश घ्यायचा नाही, नियम सगळे पाळायचे, पालकांना कंपनीने मंजूर केलेल्या मजकुरातच कळवायचं. मुदत संपली की पाटी, रंग, पुस्तकं, कासव, काही ठेवायचं नाही. मधेच पुन्हा चूक झाली तर मुदतही संपली.

त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. चहा ठेवायची आणि उतू जाऊ द्यायची. स्कूटी काढून बाजारात जायची, काय आणायचं ते विसरून तशीच परत यायची.

बादलचा राग वेगळा होता. त्याचं बियाण्यांचं दुकान होतं आणि माणसाशी बोलून काम काढायची सवय.

"आपली बोली बोलली म्हणून शाळा बंद करून राह्यले का हे?" तो म्हणाला. "सुखीबाई पोराले 'आव, बेस' म्हणते, तर यायच्या इंग्रजीले काय धाड भरली?"

सुखीबाई म्हणजे शाळेतली मावशी. तांड्यातून नुकतं आलेलं पोर रडायला लागलं की ती त्याला मांडीवर घेऊन बंजाऱ्यांच्या गोर बोलीत 'ये, बस' असं बोलायची. वर्गात फक्त इंग्रजी, असा कंपनीचा नियम होता आणि तो इथे रोज मोडत होता. जयाला त्याची लाज नव्हती. नोटिशीतलं ते वाक्य ती ज्याला त्याला दाखवायची. त्याच्या खालचं वाक्य दाखवत नव्हती.

वामनराव वकिलांनी मात्र नेमकं खालच्याच वाक्यावर बोट ठेवलं. कोर्टासमोरच्या त्यांच्या खोलीत पंखा खडखडत होता.

"जयाताई, एका वर्गात वीस पोरं अन् दोन बाया, असा यायचा नियम. तुमच्याकडे किती होते?"

"कमीजास्त होतात, साहेब."

"जास्तच झालेले दिसतात. पयल्या नोटिशीत सुधारणेले वेळ देला. सुधारलं म्हणून तुम्ही लेखी देलं. दुसऱ्या नोटिशीत तेच, अन् वरून फाटकाबाहेर पोरगं सापडलं ते. तिसऱ्या तपासणीत पुन्हा तेच." त्यांनी चष्मा काढला. "एका वर्षात तीनदा झालं तर सुधारायची संधी न देता करार संपवता येते, असं कलम आहे. सही तुमचीच आहे."

"लढता नाही येत?"

"येते न. पण वाद पुण्याले लवादापुढं न्यावा लागन. तिथं ते फाटकाचं विचारतीन. असं काही झालं नाही म्हणून त्या पोराच्या मायनं लिहून देलं, तर थोडा जोर येईन. नाहीतर कठीण आहे."

"अन् त्यानंतर? दुसरी शाळा काढायची नाही असंही लिहिलं आहे."

"करार संपल्यावर माणसाले धंदाच करू नको म्हणणारं कलम कोर्टात टिकणं अवघड. पण नाव, रंग, कासव, पुस्तकं यायची. त्याले हात लावू नका."

बाहेर बादल स्कूटीजवळ थांबला होता. जयाने सांगितलेलं बाकी काही त्याने ऐकलं नाही, पोराच्या मायचं तेवढं ऐकलं.

"बबिता आपलीच हाय. आजच जाय तांड्यावर. तुले नाही म्हणणार नाही ते."

जया निघाली, पण मधेच शाळेत वळली. कुलूप काढून आत गेली आणि तिचे पाय जागीच थांबले. टेबलावर पावतीपुस्तक उघडं पडलेलं. जूनच्या प्रवेशाच्या नव्या करकरीत पावत्या, बादलच्या अक्षरात, वर निळं कासव. तारखा नोटिशीनंतरच्या.

तिने त्याला फोन लावला.

"हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"लोक दारात आले, परत पाठवू का? पाटीतलं एक अक्षर बदलू आपण. कासवाच्या जागी बदक काढू. कोण पायते?"

"कंपनीले कळलं तर मुदतच जाईन. आताची पोरं रस्त्यावर येतीन."

"तू आधी सही आन," बादल म्हणाला आणि फोन ठेवला.

तांडा महागावच्या रस्त्याला होता. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झाली होती. बबिता अंगणात तुरी झोडपत होती. तिचा बबलू सुपातल्या शेंगा सोलून तोंडात टाकत बसला होता. जयाला पाहून तो हसला नाही, आईच्या मागे सरकला.

ती दुपार जयाला विसरता आली नव्हती. वर्गात पोरंच पोरं. एक बाई रजेवर. सुखीबाई कुणाचे तरी कपडे बदलत होती. फाटकाची कडी कुणी लावली नव्हती. बबलू चालत रस्त्यावर गेला, थेट कापसाच्या गाडीपुढे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि त्यानेच पोराला उचलून आत आणलं. त्याच संध्याकाळी जयाने बबिताला सगळं सांगितलं होतं. बबिता तेव्हा "होते बाई असं," एवढंच बोलली होती आणि दुसऱ्या दिवशी पोरगं पुन्हा शाळेत आलं होतं.

"आव, बेस," बबिताने खाट झटकली. पाणी दिलं. "ऐकलं मी शाळेचं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"सुखीबाईच्या बोलण्यावरून म्हणतात."

जयाने पर्समधला कागद चाचपला. वामनरावांच्या टायपिस्टने मजकूर तयार करून दिला होता, खाली सहीची रेघ होती. पण कागद बाहेर निघेना. ती उठली, अंगणाच्या कडेला गेली, परत आली.

"बबिता, त्या दिवसानंतर तू तक्रार काहून नाही केली?"

बबिताने काठी बाजूला ठेवली. "कायले करू? दुसरीकडं घातलं असतं तर तिथं याचं बोलणं कोणाले समजलं असतं? पयल्या दिवशी यानं पाणी मागतलं अन् सुखीबाईनं लगेच देलं. म्हणून ठेवलं." तिने बबलूच्या केसांतली कुसं काढली. "पण बाई, मोठी गाडी आली का हा अजून घरात पळते. रोज शाळेत सोडते अन् घरी येईपर्यंत रस्त्याकडं पाहत बसते. तुमच्याकडं पोरं लई झालते. दिसत होतं मले. मी बोलली नाही."

वाऱ्याने तुरीचा भुसा दोघींच्या पायांवर येत होता.

"तुमी काही कामानं आलत्या का?" बबिताने विचारलं. "काही सही-बिही पायजे असन तर देते मी. तुमी शिकवलं याले."

"नाही," जया म्हणाली. "याले पाहाले आली होती."

परतताना तिने स्कूटी एका बाभळीखाली थांबवली आणि तो कागद फाडला. तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. वीसच पोरं घेतली असती तर भाडं कसं निघालं असतं, हा हिशेब तिने गेल्या वर्षी शंभरदा केला होता, आणि दर वेळी उत्तर म्हणून एक पोर वाढवलं होतं. बोलीचा नियम तिला आजही चुकीचा वाटत होता. पण फाटक त्या नियमामुळे उघडं राहिलं नव्हतं.

घरी मोठं भांडण झालं. बादलने ताट सारलं. "एवढ्या कष्टाची शाळा, अन् तू हात वर करून देते?"

"हात वर नाही करत. जे आहे ते नीट आवरते. ज्यायच्या पावत्या फाडल्या त्यायच्या घरी उद्या तुम्ही जा. पैसे वापस करा. मी कंपनीच्या माणसाले सांगते."

"त्याले सांगशीन? येडी झाली का?"

"लपवलं अन् सापडलं तर मुदत गेली. सांगितलं तर ऐकते का पाहू."

बादल ताटावरून उठला. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पावतीपुस्तक खिशात घालून निघाला.

कंपनीचा माणूस, नयन, अमरावतीहून तपासणीला येत असे. जयाला तो कधीच आवडला नव्हता. फूटपट्टी लावून पाटीची उंची मोजणारा पोरगा. तिने फोनवर सगळं सांगितलं.

"मॅडम, हे मला वर कळवावं लागेल," तो म्हणाला. "रद्द केलेल्या पावत्यांचे फोटो पाठवा. पैसे परत मिळाल्याचं पालकांकडून लेखी घ्या."

उत्तर येईपर्यंतचे दिवस जयाने कसेतरी काढले. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची. ती शाळेची आधीच स्वच्छ असलेली फरशी पुसायची. शेवटी मेल आला. नवे प्रवेश रद्द झाल्याचं मान्य, मुदत कायम, यापुढे दर आठवड्याला तपासणी.

आणखी एक बाई लावली. एका वर्गाचे दोन वर्ग झाले. फाटकाला वरच्या बाजूने नवी कडी बसली. पालकांच्या सभेत जयाने कंपनीचा मजकूर जसाच्या तसा वाचला. कुणीतरी विचारलं, का बंद होते? मजकुरात त्याचं उत्तर नव्हतं.

"आमच्याकडून नियम मोडले," ती म्हणाली. "पोरं जास्त घेतली. एवढंच सांगते."

काही पालक दुसऱ्याच आठवड्यात पोरं घेऊन गेले. नयनने त्यांना कंपनीच्या वाशीमच्या केंद्राचा पत्ता दिला, इतक्या लांब कुणी जाणार नव्हतं तरी. फूटपट्टी तो आताही लावायचा. पण एकदा सुखीबाईच्या मांडीवरचं रडणारं पोर पाहून तो थोडा वेळ वहीत काहीच न लिहिता उभा राहिला आणि मग पुढच्या खोलीत गेला.

एप्रिलच्या शेवटी धावजी पेंटर आला. बादलनेच शिडी धरली. निळ्या कासवावर पांढऱ्या रंगाचा एक हात बसला, तरी पाठ खालून दिसत राहिली. दुसरा हात द्यावा लागला. पुस्तकांची खोकी मोजून नयनच्या गाडीत गेली. पाटी उतरवताना बादलच्या अंगठ्याला खिळा लागला. तो कंपनीला शिव्या देत आत गेला, आणि तिथे जयाने लावलेली हळद मुकाट लावून घेतली.

"जूनमध्ये?" त्याने विचारलं.

"वीस," ती म्हणाली. "एक जास्त नाही. परवडलं नाही तर तुमच्या दुकानात बसते मी."

जूनमध्ये त्यांच्या स्वतःच्या शाळेत बारा आले. बबलू त्यांत नव्हता. बबिताने त्याला तांड्याजवळच्या अंगणवाडीत घातलं होतं. ते कळल्यावर जया दिवसभर अस्वस्थ होती. दोनदा स्कूटीची चावी हातात घेतली, दोनदा परत ठेवली. मग एक नवी पोरगी दाराशी भोकाड पसरून बसली, आणि सुखीबाई यायच्या आधीच जया खाली बसून तिच्याशी गोर बोलीत बोलू लागली.