अडतीस मिसळ आणि हिंगाचा चहा

घाटघरला राजरत्न आणि स्नेहाचं हॉटेल सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, मातीची चूल आणि एक गॅस. तेवढ्यातच राजरत्न इतका खूश होता की झोपेतसुद्धा "या, बसा पावणं" म्हणायचा. स्नेहा जुन्नरची. लग्नाला चार महिने झालेले, आणि नवऱ्याचा हा उत्साह तिला अजून नवा नवाच वाटत होता.

रविवारी पुण्याची अडतीस माणसं नाणेघाट चढून येणार होती, प्रत्येकाला मिसळ आणि चहा. त्यांचा म्होरक्या सकाळी सहालाच फोनवर ओरडला होता, "चढायला लागलोय! नऊपर्यंत वर!"

साडेसहाला राजरत्नची आई जानकाबाई आली. तिने शिजलेली मटकी चमच्याने घेऊन चाखली. पुन्हा चाखलं. मग भांड्याकडे असं बघितलं, जसं कुणी ओळखीचं माणूस अनोळख्यासारखं वागलंय.

"ह्यात मसाला कुठंय?"

"घातला की, आई! दोन चमचे!" राजरत्न म्हणाला.

"मग तो भुसा असंल."

स्नेहाने बरणी हुंगली. खरंच, वाळलेल्या लाकडाचा असतो तसा उगाच थोडासा वास. राजरत्नने महिन्यापूर्वी जुन्नरहून चार किलो खडा मसाला आणला होता. त्यातला निम्मा डंकावर कांडून आणला आणि चकचकीत काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत, बरोबर गॅसच्या वर मांडला होता. गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. सकाळचं ऊन काचेतून आत यायचं, खालून गॅसची धग लागायची, आणि बरण्या दिवसातून दहादा उघडायच्या.

"मसाला दळला की त्याचं घर मोडतं," जानकाबाई म्हणाली. "मग वास पळून जातो, तू बरणीला कितीबी पुसलंस तरी."

"आणि चहा?" स्नेहाने खिडकीतल्या फळीकडे बघितलं. चहाची बरणी त्याच फळीवर, हिंगाच्या डबीला खेटून होती आणि तिचं झाकण सैल होतं. तिने चिमूटभर पूड कपात टाकली, वर कढत पाणी ओतलं, ताटली झाकली. मिनिटाने ताटली काढली तर कपातून फोडणीचा वास!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि स्नेहाला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. "अडतीस कप हिंगाचा चहा!" ती बाकड्यावरच बसली.

"हसायला काय झालं गं?" म्हणत राजरत्नही हसायला लागला.

जानकाबाई मात्र घराकडे निघाली होती. उरलेला निम्मा खडा मसाला तिने काचेला लागू दिला नव्हता. आतल्या अंधाऱ्या खोलीत, गच्च झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तो अख्खा होता. डबा घेऊन ती हॉटेलात परतली. तो उघडल्याबरोबर लवंग, दालचिनी, दगडफूल, सगळ्यांनी एकदमच नाकात धाव घेतली.

"आता भाजायचं," ती म्हणाली. "बारीक जाळ. धणे येगळे, जिरं येगळं. जिरं लगी जळतं, त्याला शेवटी."

लाइट गेलेली, त्यामुळे मिक्सर बाद. पाटा आला, खलबत्ता आला. धणे गरम असतानाच राजरत्न खलबत्त्यात ओतायला निघाला, तर आईने हात धरला. "गार होऊ दे! गरम कुटलंस तर घाम धरून गोळा होईल." मग गार करायला तो पुठ्ठ्याने वारा घालत बसला. दोन मिनिटांनी धणे-मिरी एकत्र कुटायला सुरुवात केली आणि पहिल्याच दणक्याला मिऱ्याने त्याला सात शिंका काढायला लावल्या. आठवी स्नेहाने काढली.

"आता चहाचं काय?" शिंकांमधून तिने विचारलं.

उत्तर एकच होतं, आणि राजरत्नला ते नको होतं. ठमाबाई. घाटाच्या तोंडाशी तीस वर्षं चहा विकणारी. नवं हॉटेल झाल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. तरी तो धावत सुटला.

राजरत्नने सोबत आणलेला हिंगाच्या चहाचा कप ठमाबाईने हुंगला. "हा चहा नाय, हे वरण हाय."

"मावशी, तुमच्याकडचा थोडा द्या. आज इज्जतीचा सवाल हाय."

"चहा लई भोळा असतो रं. शेजाऱ्याचा वास उचलतो. साबण ठेव, साबणाचा येतो." तिने पत्र्याच्या पेटीतून एक डबा काढला, त्याच्या आत दुसरा डबा, त्याच्या आत कागदाची घट्ट पुडी. "देनार नाय. म्या येनार. माझा चहा माझ्याच हातनं उकळनार."

आणि डबा पदराखाली धरून ती त्याच्या पुढे चालायला लागली. इतक्या झपाट्याने की राजरत्नला पळावं लागलं.

हॉटेलात परत आला तेव्हा त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. कढईत तेल धुरावलेलं दिसताच त्याने जोशात मूठभर तिखट टाकलं.

चर्रर्र! तिखट क्षणात काळं. असा ठसका उठला की स्नेहा, सासू, ठमाबाई आणि खुद्द राजरत्न चौघंही डोळे पुसत, खोकत बाहेर पळाले. ठमाबाईला खोकताखोकता हसू फुटलं. तिने जानकाबाईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि दोघी म्हाताऱ्या हलत राहिल्या.

"काय केलंस रं, भाऊ! पिकात फवारणी व्हती का ही?" ठमाबाई म्हणाली.

ते तेल ओतून दिलं. दुसऱ्या खेपेला स्नेहाने कढई घेतली. तेलात मोहरीचा एक दाणा टाकला, तो तडतडला तेव्हाच बाकीची मोहरी. मग जिरं, हिंग, कढीपत्ता. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं. मग कढई चुलीवरून खाली घेतली. धग जराशी उतरल्यावर तिखट आणि ताजा मसाला, लगेच कढत पाणी. लाल तवंग वर चढला आणि वास उघड्या दारातून सरळ घाटाकडे निघाला.

"अरे, कसला वास येतोय!" खालच्या वळणावरून कुणीतरी ओरडलं.

नऊला दहा कमी असताना अडतीस माणसं घामाने निथळत पोचली. ठमाबाईने पाण्यात ठेचलेलं आलं उकळून चहा टाकला, एक उकळी आल्यावर दूध घातलं. वेलदोडा मात्र सगळ्यात शेवटी, सालीसकट ठेचून, आणि लगेच झाकण. "आधी टाकला तर वास छपराला जातो," तिने स्नेहाला डोळा मारून सांगितलं.

पंधरा मिनिटांत पाव संपले. कुणी दुसरी तर्री मागत होतं, कुणी पातेल्यापाशी कप घेऊन उभं होतं. म्होरक्याने तिखटाने वाहणारं नाक पुसत विचारलं, "दादा, पुढच्या महिन्यात बासष्ट जण येऊ का?"

राजरत्नने स्नेहाकडे पाहिलं. तिच्या कपाळाला हळद, गालाला मसाला, आणि ती मान हलवत होती, हो, हो म्हणून.

"या की! पन मसाला आदल्या दिवशीच कुटनार."

"आन चहाला मी," ठमाबाई म्हणाली. "डबा माझाच राहील, सांगून ठेवते."

जानकाबाईने तिच्यापुढे बाकडं ओढलं आणि मिसळीची ताटली ठेवली. ठमाबाईने पहिला घास खाल्ला, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती दुसऱ्या घासाकडे वळली.