अर्धं फुल हाऊस

धुळ्यात देवपूरच्या चौकात प्रेमराज सरांचा फ्लेक्स एवढा मोठा होता, की रिक्षावाले पत्ता सांगताना सरांच्या मिशीपासून डावीकडे वळायला सांगत. मिशीखाली लिहिलं होतं, 'गणिताचे सम्राट'. सम्राटांचं निम्मं राज्य दिपमाला चालवायची. क्लासची मुलं गणितांचे फोटो काढून ग्रुपवर टाकत, रावेरची ही एमएस्सी झालेली पोरगी ती वहीत सोडवून सरांना पाठवी, आणि सर स्वतःच्या सहीने उत्तर टाकत. तीन वर्षं असंच चाललं होतं. आता कुठे सरांनी सोमवारपासून बारावीची बॅच तिला द्यायचं कबूल केलं होतं. बॅच म्हणजे खडू हातात, फळा समोर आणि वर्गात स्वतःचं नाव. तिला ती बॅच जिवापाड हवी होती.

शुक्रवारी ती क्लासमध्ये डबा खात होती, तेवढ्यात दोंडाईच्याच्या ललितने एक फोटो टाकला. बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते वाटले, तर फुल हाऊस, म्हणजे एका किमतीचे तीन आणि दुसऱ्या किमतीचे दोन पत्ते, येण्याची संभाव्यता काय? सम्राटांना हुक्की आली आणि त्यांनी ते स्वतःच सोडवलं.

तेरा किमतींतून दोन किमती निवडा: अठ्ठ्याहत्तर प्रकार. एकीच्या चारांतून तीन पत्ते: चार प्रकार. दुसरीच्या चारांतून दोन: सहा प्रकार. गुणाकार अठराशे बहात्तर. पाच पत्त्यांचे एकूण हात पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ. म्हणून उत्तर तीन छेद चार हजार एकशे पासष्ट. खाली वळणदार सही. मिनिटाभरात चारशे मुलांनी नमस्काराची चित्रं टाकली.

दिपमालाने डबा तसाच सोडला. ती वही घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, उत्तर निम्मं आलंय. दोन किमती निवडल्या, पण तीन पत्ते कुणाचे आणि दोन कुणाचे, हे ठरवलंच नाही. तीन पत्त्यांची किंमत तेरा प्रकारे, मग जोडीची उरलेल्या बारांतून. तेरा गुणिले चार गुणिले बारा गुणिले सहा, तीन हजार सातशे चव्वेचाळीस. सहा छेद चार हजार एकशे पासष्ट. साधारण सहाशे चौऱ्याण्णव हातांत एकदा."

सरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मॅडम, राजे आणि राण्या निवडल्या म्हणजे निवडल्या. आधी कोण, नंतर कोण, हा क्रमाचा प्रश्न झाला. कॉम्बिनेशनमध्ये क्रम नसतो. अकरावीचं आहे हे."

चहा घेऊन आलेले चिंधाभाऊ ट्रे हातात धरून थबकले. शिपाई असले, तरी रविवारची रमी त्यांची कधी चुकत नसे.

"सर, तीन राजा दोन राणी नि तीन राणी दोन राजा, हाई एकच कसं व्हई?"

सरांना पटलं होतं. ते त्यांच्या कानांवरून दिसत होतं; कान लालेलाल झाले होते. पण पटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

"चिंधा, ट्रे ठेव आणि जा," ते म्हणाले. मग आवाज मऊ झाला. "मॅडम, चारशे पोरं आहेत. सम्राट चुकले म्हटल्यावर फी कोण भरेल? मी टाकतो, की ते उत्तर दिपमाला मॅडमनी काढलं होतं, घाईत गफलत झाली, मी सुधारली. तुम्ही फक्त 'सॉरी' लिहा. सोमवारची बॅच तुमचीच."

म्हणजे चूक सरांची, दुरुस्ती तिची, आणि श्रेयही सरांचंच. वर सॉरी तिचं! दिपमालाला राग आला, आणि राग आल्यावर तिचं अक्षर नेहमीच सुंदर यायचं. तिथेच उभ्या उभ्या तिने पूर्ण पायऱ्या लिहिल्या, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'सरांच्या उत्तरात तीन पत्ते कोणत्या किमतीचे हे ठरवायचं राहिलं होतं. बरोबर उत्तर दुप्पट. – दिपमाला.'

ललितने लगेच विचारलं, 'मॅडम, तुम्हीच का शिकवत नाही?' तिला तेवढंच वाचता आलं. पुढच्या क्षणी सरांनी तिला ग्रुपमधून काढलं होतं. बॅचही गेली, हे सांगायची त्यांना गरज पडली नाही.

रावेरला घरी जायला ती जळगावच्या बसमध्ये बसली. पारोळ्याच्या आसपास फोन वाजला. सरांचा वैयक्तिक मेसेज होता, सोबत नव्या गणिताचा फोटो: पाच पत्त्यांत चारही एक्के येण्याची संभाव्यता. खाली लिहिलं होतं, 'जरा अर्जंट. पोरं थांबलीत.'

चार एक्के ठरलेले, पाचवा पत्ता उरलेल्या अठ्ठेचाळीसांतून कोणताही. उत्तर तिला फोटो उघडताक्षणी कळलं.

ते सरांना न पाठवता तिने ललितला फोन लावला आणि हेच गणित त्याला शिकवलं.