लुंबिनीच्या अलीकडे थांबणारी बस

ट्रॅव्हल्सवाला सुशील फोनवर बोलताना मधे श्वास घेत नाही. आमच्या विहाराच्या महिला मंडळाची अख्खी सहल त्यानं धरमपेठेतल्या ऑफिसातून एका दमात सांगून टाकली. मी रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात, बिलिंगच्या खिडकीमागे, डब्याला हात न लावता मिळेल त्या कागदावर खरडत होते. मंडळाच्या अध्यक्ष शोभाताई संध्याकाळी ॲडव्हान्स गोळा करणार होत्या. त्याआधी मी सगळं नीट मांडून ग्रुपवर टाकायचं होतं. लिहायचं काम आलं की सगळ्यांना माया आठवते!

टाइप करायला घेतलं. नागपूरहून रेल्वेनं बनारस, मग बसनं सारनाथ, बुद्धगया, राजगीर-नालंदा, कुशीनगर, लुंबिनी, आणि गोरखपूरहून रेल्वेनं परत. पैशांत येतं: स्लीपरचं तिकीट, बस, दोघींत एक खोली, नाश्ता, रात्रीचं जेवण. येत नाही: दुपारचं जेवण, प्रवेश तिकिटं, गाइड. माणशी साडेपंधरा हजार, वर पाच टक्के जीएसटी. चोवीस जणींचे तीन लाख नव्वद हजार सहाशे.

हिशोब जुळला, पण जीव थाऱ्यावर येईना. लुंबिनी नेपाळात. सुशील बॉर्डरबद्दल काहीतरी बोलला होता आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी खिडकीवर टकटक केली होती. मी परत फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिकडे ग्रुपवर ‘टाक ना लवकर’ सुरू झालं होतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "माया, लुंबिनी हाय न वं त्याच्यात?"

"आहे, आई."

"मंग झालं. बाकी कुठीही नेऊ द्या."

प्रेमिलाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षांपासून या एकाच नावावर अडून बसल्या आहेत. गुडघे असे की विहाराच्या चार पायऱ्या चढतानाही मधे टेकतात. पण लुंबिनीला जायचंच.

शेवटी सुशीलनं फोन उचलला. "बस सोनौलीपर्यंतच, मॅडम, बॉर्डरच्या अलीकडं. नेपाळात न्याची त परमिट अलग, माणशी हजार तरी वाढते. लोकं चालत बॉर्डर पार करतात न् तिकडून जीप करतात. ज्याचा त्याचा खर्च. मतदार कार्ड सोबत ठेवाले सांगजा."

"हे आधी काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"सांगितलं न. अन् हे त सगळ्यायले मालूमच राहते."

फोन ठेवला. हजार वाढवले तर मंडळातली सुमती गळते. साडेपंधराच्या वर जमणार नाही म्हणून तिनं आधीच हात जोडले होते. नाही वाढवले तर आई गळतात. न लिहिलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. बॉर्डरवर पोचल्यावर बघू. खरं सांगते, दोन मिनिटं मी तेच ठरवलं होतं. मग ‘येत नाही’च्या खाली लिहिलं: बस सीमेपर्यंतच; पुढे पायी, मग जीप, खर्च आपापला. पाठवून दिलं आणि डबा तसाच बंद केला.

घरी आले तर आई पलंगावर बसलेल्या. शेजारणीकडून सगळं वाचून घेतलेलं.

"माझं नाव काढ."

"आई, थांबा तरी. काहीतरी करू."

"काही नोको करू. लिहिलं ते बरं केलं. मांगच्या वेळी लुंबिनीले गेलो तवा आमाले कोणीच नव्हतं सांगितलं." त्या गुडघा चोळत राहिल्या. "तुह्या आजेसासूले चालता येत नव्हतं. आमी तिले बॉर्डरवरच बसवलं, सामानाजवळ. संध्याकाळी वापस आलो त एकेकीले इचारे, कसं हाय वं तिथं? मंग घरी येऊन साऱ्या वस्तीले सांगे, मी लुंबिनी पायली. मरेपर्यंत सांगे. मी काही बोलली नाही." मग म्हणाल्या, "मले तिच्या नावानं फुलं वाहाची होती. पण मले तसं सामानाजवळ नाही बसाचं."

रागानं पुन्हा सुशीलला फोन लावला, स्पीकरवर. "एका बाईंना चालता येत नाही. त्यांनी बॉर्डर पार कशी करायची ते सांगा आधी!"

"रिक्षा हाय न, मॅडम. सायकलरिक्षा. सिध्या पलीकडं सोडतात. बुजुर्ग लोकं तशेच जातात. इचारलं असतं त तवाच सांगितलं असतं."

मी उडालेच. "ऐकलं आई? आता नाव नाही काढत मी. सोबत मी बसते रिक्षात."

आई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"तवाही रिक्षा होत्या वं," त्या म्हणाल्या. "तिच्या समोरच लायनीनं उभ्या होत्या. आमच्यातल्या एकीनंही इचारलं नाही."