शुक्रवारचा चहा

इंग्लंडात हॅरोच्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग बेनिफिट ऑफिसात अनुराधाची पहिली दोन वर्षं मॉरीनच्या हाताखाली गेली. मॉरीनचं माणसांबद्दलचं मत अगदी पक्कं होतं: नजर हटली की माणूस काम चुकवणारच. म्हणून तिने टेबलं अशी लावून घेतली होती की आपल्या खुर्चीतून प्रत्येकाचा स्क्रीन दिसावा. टॉयलेटला उठायचं तर तिच्याकडे बघून मान हलवायची. कुणाची केस चुकलेली सापडली की सगळ्यांदेखत हजेरी घेतली जायची.

मग व्हायचं तेच झालं. चोरासारखी पाळत ठेवलेली माणसं चोरासारखी वागायला लागली. गरीब भाडेकरूंच्या अर्जावरून त्यांच्या भाड्याचा किती भार कौन्सिलने उचलायचा ते ठरवायचं, हे यांचं काम. एक आकडा चुकला की कुणाचं तरी भाडं थकायचं आणि घरमालकाची नोटीस यायची. पण चूक लक्षात आली तरी कुणी बोलत नसे. ती केस गुपचूप रांगेच्या तळाशी ढकलायची आणि तोंड मिटून बसायचं, हे अनुराधाला शेजारच्या बाईने पहिल्याच आठवड्यात शिकवलं. अनुराधा स्वभावाने सरळ, पण शिकली.

त्यानंतर तिची बदली रघुवीरच्या टीममध्ये झाली. हा गृहस्थ मूळचा नागपूरचा, पंचवीस वर्षं इंग्लंडात मुरलेला. पहिल्याच दिवशी त्याने तिला समोर बसवलं आणि एका मॅनेजमेंट कोर्समध्ये ऐकलेलं सांगितलं. साहेब दोन प्रकारचे असतात म्हणे. एकाला वाटतं की माणूस मुळातच कामचुकार, त्याला हाकावंच लागतं. दुसऱ्याला वाटतं की माणसाला काम नीट करायचंच असतं, त्याच्या वाटेतले दगड तेवढे उचलावेत. "मी दुसऱ्यातला," तो म्हणाला, "आणि मराठीत बोलताना मला दादा म्हण. सर वगैरे नको."

नुसतं बोलला नाही, तसा वागलाही. कधी यायचं, कधी जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुठली केस कुणी घ्यायची ते टीमने आपसात बघायचं. आणि शुक्रवारी दुपारी चहा. त्याची बायको सुहासिनी डबाभर चकल्या द्यायची, सगळे खिडकीपाशी जमायचे आणि आठवड्यात आपलं काय चुकलं ते ज्याने त्याने सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही, हा एकच नियम. ऐकता ऐकता कुणीतरी उपाय सुचवायचं, आणि सोमवारी ती केस दुरुस्त झालेली असायची. नोटीस पोचायच्या आत चूक हाती लागायची. अनुराधाला आधी यात काहीतरी डाव वाटला. पण हळूहळू तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि तीही शुक्रवारी आपल्या चुका सांगायला लागली.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला तिच्या नवऱ्याचं, अवधूतचं, आयटीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढचं मिळेना. घर आता एकट्या अनुराधाच्या पगारावर आलं. त्याच आठवड्यात तिने एका बाईचा महिन्याचा पगार आठवड्याचा म्हणून टाकला. बाईचा बेनिफिट जवळजवळ बंदच झाला. शुक्रवारी तिने ते आपणहून सांगितलं, आणि हेही सांगितलं की हल्ली स्क्रीनसमोर बसते पण मन घरी असतं, रात्र रात्र झोप नसते. रघुवीरने तिच्यापुढे चकल्यांचा डबा सरकवला. त्याने तिच्यासमोरच घरमालकाला फोन लावला, थोडी मुदत मागून घेतली आणि वर म्हणाला, "बघ, मॉरीनकडे असतीस तर हे बोलली असतीस का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या परक्या मुलुखात आपल्याला सख्खा भाऊ मिळाला असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि घरी जाऊन तिने अवधूतलाही तसंच सांगितलं.

उन्हाळ्यात वरून हुकूम आला. दोन्ही टीम एक होणार, मॅनेजर एकच राहणार आणि काही जागा जाणार. कुणाला ठेवायचं ते गुणांवर ठरणार, आणि गुण देणार आपापला मॅनेजर. अनुराधा घाबरली नाही. काम चोख होतं, आणि गुण देणारा दादा होता.

तिला बोलावलं त्या खोलीत विभागप्रमुख बसले होते, एचआरची बाई होती आणि टेबलाच्या कडेला रघुवीर. अचूकपणात तुम्हाला सगळ्यात कमी गुण आहेत, असं प्रमुखांनी सांगितलं. तिने कारण विचारलं. त्यांनी एकेक चूक सांगायला सुरुवात केली. सगळ्या तिच्याच होत्या, सगळ्या दुरुस्त झालेल्या, आणि एकही कुणी पकडलेली नव्हती. मग ते सौम्य आवाजात म्हणाले की घरच्या अडचणींमुळे तुमचं कामात मन नसतं, असं तुम्ही स्वतःच सांगितलं आहे.

तिने रघुवीरकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. तिला एकाएकी उमगलं की एकाच खुर्चीसाठी तो आणि मॉरीन झगडत होते, आणि आपल्याला माणसांवर वचक ठेवता येतो हे त्याला वर दाखवायचं होतं. मॉरीनकडे पाळतीने पकडलेल्या चुका होत्या. याच्याकडे लोकांनी चहाबरोबर आणून दिलेल्या होत्या, त्या त्याने पुढे केल्या.

बाहेर जिन्यात मॉरीन भेटली. तिच्या कानावर गेलंच होतं. ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, "माझ्याकडे होतीस तेव्हा तुझ्या नावावर एकही चूक नव्हती. तू लपवायचीस, हे मला ठाऊक होतं. पण माझा तुझ्यावर विश्वास आहे, असं मी तुला कधी सांगितलं नाही." आणि ती खाली निघून गेली. अनुराधाला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

संध्याकाळी रघुवीर तिच्या टेबलापाशी आला. तिने सरळ विचारलं, "दादा, ते मी तुम्हाला सांगितलं होतं की त्यांना?"

"अगं, मला प्रामाणिकपणे गुण द्यायचे होते," तो म्हणाला. "बाकीचे समजून घेणार नाहीत, तू घेशील. तेवढा विश्वास आहे माझा तुझ्यावर."

खुर्ची त्यालाच मिळाली. अनुराधाची जागा गेली, महिन्याची नोटीस हातात पडली.

त्या महिन्यातल्या एका सकाळी निधी तिच्याजवळ आली. निधी हॅरोमध्येच जन्मलेली, नुकतीच टीममध्ये आलेली. चेहरा पांढराफटक. एका म्हाताऱ्याचं पेन्शन तिने दोनदा धरलं होतं, आणि त्याचं घर जायची पाळी आली होती. "अनुराधाताई, माझा मोठा चूक झाला," ती कुजबुजली. "रघुवीर म्हणतो, फ्रायडेला टीला सांगायचं असतं. मी सांगू ना?"

अनुराधाने तिला आकडा कुठे दुरुस्त करायचा ते दाखवलं. पण त्यापुढे मॅनेजरची मंजुरी लागत होती, आणि घरमालकाला फोनही त्यानेच करायला हवा होता. म्हाताऱ्याचं घर जायला फार दिवस उरले नव्हते.

"सांगू नकोस," अनुराधा म्हणाली. "तळाशी ढकल आणि गप्प बस."

शुक्रवारी सगळे खिडकीपाशी जमले. रघुवीरने चकल्यांचा डबा उघडला आणि कुणाचं काही चुकलं का, असं हसून विचारलं. निधीने अनुराधाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कुणीच काही बोललं नाही. रघुवीरने सगळ्यांवरून नजर फिरवली, खूश झाला आणि म्हणाला की माणसांवर विश्वास टाकला की अशी टीम तयार होते. अनुराधाने एक चकली उचलली आणि खाऊन टाकली.